शिरपामाळला दार कुठून?

माझ्या वडिलांना लोकांनी आयुष्यभर एकच प्रश्न विचारला. गाडी कुठं लागणार? ते जव्हारच्या एसटी स्थानकात वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे काचेच्या केबिनमध्ये बसायचं, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल ते ध्वनिक्षेपकावरून सांगायचं, आणि सांगून तोंड मिटायच्या आत तेच विचारायला खिडकीशी आलेल्या माणसावर खेकसायचं. "कान घरी ठेवून प्रवासाला निघता काय?" हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की मला ते एसटीच्या नियमातच असावं असं वाटायचं.

निवृत्त होऊन ते खोडाळ्याला घरी आले, पण केबिन डोक्यातून गेली नाही. आईनं मिठाची बरणी कुठंय विचारलं, तर खुर्चीवरून न उठता उत्तर यायचं, "मांडणी, खालून दुसरी फळी, उजवं टोक, चहापत्तीच्या मागं." आई म्हणायची, "एवढं माहितीय तर उठून द्या ना." ते म्हणायचे, "माझं काम सांगायचं. गाडी चालवायचं नाही."

अशा घरात भाषा परिषदेची मेल आली. मी खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सगळे मला बाई म्हणतात, चिडवायची लहर आली की बाबाही म्हणतात. ही परिषद बाहेरगावच्या एका संस्थेनं जव्हारच्या एका कॉलेजात भरवायचं ठरवलं होतं आणि तिथं वाचायला मी पाठवलेला निबंध चक्क स्वीकारला गेला होता. मी नोंदणी केली, पैसे भरले, आणि मग मला धडकी भरली.

निबंध कशावर होता ते सांगायला हवं, कारण पुढं माझी जी शोभा झाली ती त्याच्यामुळं जास्त झाली. आमच्या पाड्यावरची मुलं कुठली गोष्ट कुठं आहे ते कसं सांगतात, यावर तो होता. पुस्तकात चित्र असतं. टेबल, त्याच्या डावीकडे मांजर. बाईंनी विचारायचं, मांजर कुठे आहे? मुलानं म्हणायचं, टेबलाच्या डावीकडे. आमचं मूल म्हणतं, "तठं." आणि हनुवटीनं दाखवतं. अठं म्हणजे इथं, तठं म्हणजे तिथं, कठं म्हणजे कुठं. पहिल्या वर्षी मी वैतागायचे. मग लक्षात आलं की सगळा पत्ता हनुवटीत आहे. हनुवटी खाली गळ्याकडे असली तर ती वस्तू जवळच आहे. सरळ पुढं आली तर ओढ्यापलीकडे. आणि "घर कठं?" विचारल्यावर पोरानं हनुवटी आभाळाकडे नेली तर समजायचं की घर डोंगरामागं आहे आणि याला आज लवकर सोडायला पाहिजे.

पंधरा मिनिटांत मला एवढंच सांगायचं होतं. मूल 'तठं' म्हणतं म्हणून त्याला काही येत नाही असं नसतं.

आणि हे मला त्या परिषदेला सांगायचंच नव्हतं. मला ते माझ्या बाबांना सांगायचं होतं.

आमच्या घरात तठं म्हणायला बंदी होती. बाबा नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी ध्वनिक्षेपकावरून म्हणाले होते, "नाशिकची गाडी अठं लागल." सगळं स्थानक हसलं. एक प्रवासी तर गाडी सुटेपर्यंत खिडकीशी येऊन "कठं लागल, साहेब, कठं?" करत राहिला. ही गोष्ट मला आईनं सांगितली, बाबांनी कधीच नाही. त्यांनी आम्हाला एवढंच सांगितलं, "तठं नाही. तिथं. पुन्हा म्हण." जेवताना म्हटलं तर घास थांबवून म्हणायला लावायचे. आजी आमच्याकडे आली की मी तिच्याशी बोलायलाच भ्यायचे, कारण ती बोलायची तसंच मीही बोलायला लागायचे, आणि बाबा केबिनमधून बघावं तसे बघायचे. त्याचं मला वाईट वाटायचं. अजूनही वाटतं.

म्हणून मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुम्ही या ऐकायला."

"कशावर बोलणार?"

"ठिकाणं सांगण्यावर."

"मग तर यायलाच पाहिजे," ते म्हणाले. "तुला त्यातलं काय कळतं बघू."

एवढं बोलून त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या फोनवर कार्यक्रमपत्रिका वाचायला घेतली. वाचता वाचता भुवया चढत गेल्या. "स्थळ, जव्हार," ते म्हणाले. "जव्हार? अगं, हा पत्ता आहे का? गाडीला नुसती 'महाराष्ट्र' अशी पाटी लावून सोडायची का? खाली बघ. 'सत्रे जव्हार येथे विविध ठिकाणी.' विविध ठिकाणी! विविध ठिकाणी गाडी लागत नाही. एका ठिकाणी लागते."

"कॉलेजातच असेल बाबा."

"असेल? असेलवर माणूस घर सोडून निघतो? माझे गुडघे काय असेलवर चालतील? कुठली इमारत, कुठली खोली, कुठला दरवाजा. हे तीन कळल्याशिवाय मी बूट घालत नाही."

पत्रिकेत फोन नव्हता, फक्त मेलचा पत्ता होता. तेव्हा मेल करायचं ठरलं. मी लिहायला घेतली आणि बाबा सांगायला लागले. मी मास्तरीण असून मला माझ्याच मेलमध्ये एक शब्द घालता आला नाही. विषयाच्या जागी त्यांनी लिहवून घेतलं, "माझे नोंदणी झालेले सादरीकरण नेमके कुठे आहे, इमारत, खोली व दरवाजा कळवण्याबाबत."

"बाबा, विषय लहान असतो."

"प्रश्न तीन आहेत. लहान कसा असेल?"

खाली मजकूर होता.

"महोदय, आपल्या परिषदेत दुसऱ्या सत्रात माझे सादरीकरण आहे. पत्रिकेत 'विविध ठिकाणी' असे आहे. तरी माझे सादरीकरण कोणत्या इमारतीत, कोणत्या खोलीत आहे व आत येण्याचा दरवाजा कोणता हे कळवावे. सोबत माझे वडील असून त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. पायऱ्या आहेत काय व वाहन कुठपर्यंत येते हेही कळवावे. 'तिथे आल्यावर चौकशी करावी' असे उत्तर देऊ नये."

शेवटचं वाक्य मी गुपचूप काढलं. बाबांनी पाठवायच्या आधी पुन्हा वाचायला मागितली आणि ते वाक्य परत घालायला लावलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "नमस्कार. आपले सादरीकरण दुसऱ्या सत्रात शिरपामाळ येथे आहे. वाहन थेट आत येते, पायऱ्या नाहीत. वडिलांचे स्वागत आहे. धन्यवाद."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. शिरपामाळ म्हणजे जव्हारबाहेरचा माळ. शिवाजी महाराज इथं थांबले होते असं सांगतात. स्मारक आहे, भगवा झेंडा आहे, चहूकडे डोंगर दिसतात आणि वारा असा की निबंधाची पानं थेट दरीत. खोली मात्र नाही.

"माळावर?" मी म्हटलं.

"उघड्यावर घेत असतील," बाबा म्हणाले. "शहरातली माणसं आहेत. त्यांना उघड्यावर फार आवडतं. आपण उघड्यावर बसलो तर मागास, ते बसले तर निसर्ग."

मला तर ते पटलंच, वर आणखी आनंद झाला. ठिकाणांवरचं सत्र खऱ्या ठिकाणी! काय कल्पना आहे! मुलं जिथून हनुवटीनं डोंगर दाखवतात, तिथंच उभं राहून मी डोंगर दाखवीन. मी मनातल्या मनात टाळ्याही ऐकल्या. गाढवासारखी खूश झाले होते, दुसरं काय.

बाबा मात्र असमाधानी. "इमारत नाही, खोली नाही, मान्य. पण दरवाजा? माळाला चारी बाजू आहेत. शिरायचं कुठून? विचार." मग दुसरी मेल गेली, "प्रवेश नेमका कुठून? वडिलांना ऊन सोसत नाही, तरी सावलीची सोय आहे काय?" उत्तर तासाभरातच आलं. "मंडपातून आत यावे. मंडपात खुर्च्या व पिण्याचे पाणी आहे. ठिकठिकाणी फलक लावले आहेत. काळजी नसावी."

"हां," बाबा म्हणाले. "आता कसं! मंडपातून आत." आणि बूट पुसायला घेतले.

तेव्हा माझ्या मनात शंका आली का? खरं सांगते, नाही आली. शिरपामाळ म्हटल्यावर शिरपामाळ. आमच्या भागात एका नावाचं एकच ठिकाण असतं.

परिषदेच्या दिवशी आम्ही एसटीनंच गेलो. निवृत्त नियंत्रकानं काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसणं शक्यच नव्हतं. जव्हारला उतरल्यावर बाबांनी जुन्या केबिनकडे बघितलं, आतल्या माणसाची घोषणा ऐकली, "घाई करतो" असा शेरा मारला आणि मग आम्ही रिक्षा केली.

"शिरपामाळ," बाबा म्हणाले. "मंडपाच्या दरवाज्याशी."

रिक्षावाल्यानं माझ्या इस्त्रीच्या साडीकडे आणि फायलीकडे बघितलं. "कार्यक्रम हाय काय?"

"परिषद आहे," बाबा म्हणाले.

"हां, सकाळधरून गाड्या जाताहेत वर," तो म्हणाला, आणि आमची उरलीसुरली शंकाही मिटवली.

वर पोचलो तर मंडप होता! लाल-पांढरा, झालरीचा, आत प्लास्टिकच्या खुर्च्या, कडेला पाण्याचं पिंप. रिक्षा थेट खुर्च्यांपाशी गेली. पायरी एकही नाही. बाबांनी खाली उतरून चौफेर नजर टाकली आणि पहिल्यांदाच माझ्या देखत कुणाची तरी तारीफ केली. "मेलमध्ये लिहिलं तस्संच. माणसं कामाची आहेत."

तेवढ्यात एक बाई धावत आल्या. पन्नाशीच्या असतील, डोक्यावर कागदी टोपी. "या या या! उशीर केलात! पोहे संपत आलेत!" असं म्हणून त्यांनी आमच्या हातात बशा दिल्या. मी म्हटलं, "माझं दुसऱ्या सत्रात आहे." त्या म्हणाल्या, "दुसऱ्या सत्रात का असेना, पोहे पहिल्या सत्रात." मला वाटलं, किती मोकळी माणसं. परिषदा अशाच असाव्यात.

खुर्च्यांवर तीसेक माणसं होती. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, आणि सगळे एकमेकांना अरेतुरे करत होते. ही विद्वान माणसं, बाबा कुजबुजले, आपापसात फार मोकळी असतात. त्यातच मला मोखाड्याच्या बाजूचे एक सर दिसले. तेही शिक्षक, त्यांचंही माझ्याच सत्रात नाव. ते एका कोपऱ्यात बसून दुसरी बशी संपवत होते.

"सर, तुम्हालाही इथलंच कळवलं ना?"

"व्हय," सर म्हणाले. "मी मेल नाय केली. पत्रिका आली ना नवी, काल. तीत हाय की, सत्र दोन, शिरपामाळ. इथलं आपल्याला कोण सांगणार? सरळ आलो." मग जरा जवळ सरकून म्हणाले, "पर बाई, एक कळंना. मघाशी पहिलं सत्र झालं. तीत यांनी संगीत खुर्ची खेळली."

"संगीत खुर्ची?"

"हां. मीबी खेळलो. मला वाटलं, ओळख व्हावी म्हणून असंल. आजकाल आपल्या प्रशिक्षणातबी खेळवतात."

ते खरंच होतं. आमच्या शिक्षक प्रशिक्षणात फुगे फोडण्यापासून टाळ्यांच्या आगगाडीपर्यंत सगळं असतं. तेव्हा मी मान डोलावली. बाबांनी टोपीवाल्या बाईंना अधिकारवाणीनं विचारलं, "दुसरं सत्र किती वाजता लागणार?"

"आता लगेच," त्या म्हणाल्या. "अंताक्षरी."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "भाषेची परिषद आहे," मी म्हटलं. "अक्षरावरून असेल काहीतरी."

अंताक्षरी सुरू झाली. सर एका बाजूला गेले, आम्ही दुसऱ्या. 'ठ' आला आणि आमची बाजू अडली. तेव्हा बाबांनी, ज्यांना मी कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं त्या बाबांनी, खणखणीत आवाजात भजनाची ओळ म्हटली. ती 'ठ'वरून नव्हती. पण आवाजच असा होता की कुणी हरकत घेतली नाही. माणसं टाळ्या वाजवायला लागली. "काका, तुम्ही कुठल्या तुकडीत होता?" कुणीतरी विचारलं.

"जव्हार आगार," बाबा म्हणाले.

"नाही, म्हणजे दहावी अ की ब?"

बाबा चिडले. "मी परिषदेला आलोय. माझ्या मुलीचं व्याख्यान आहे. दहावीचा काय संबंध?"

कागदी टोपीवर काय लिहिलंय ते मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. तोवर पोहेच बघत होते. टोपीवर लिहिलं होतं, "आपली शाळा, आपली तुकडी". नाशिककडच्या कुठल्याशा शाळेतल्या जुन्या वर्गमित्रांचा मेळावा होता तो. आम्ही तिघं त्यांचे पोहे खाऊन, त्यांच्या खुर्च्यांवर बसून, त्यांची अंताक्षरी खेळत होतो.

आणि त्याच क्षणी माझा फोन वाजला. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून घाबरलेली.

"मॅडम, तुम्ही कुठे आहात? दुसरं सत्र सुरू झालंय."

"मी शिरपामाळला आहे."

"मी पण शिरपामाळलाच आहे. तुम्ही दिसत नाही."

"मी मंडपात आहे."

"मी मंडपाच्या तोंडाशी उभी आहे मॅडम. हात वर करा."

मी हात वर केला. माळावरच्या एका शेळीनं माझ्याकडे बघितलं.

"केला," मी म्हटलं.

"नाही दिसत. तुम्ही दारातून आत आलात का?"

"इथं दार नाही."

"दारावर मोठा कागद लावलाय मॅडम. 'शिरपामाळ' असा."

"इथं झेंडा आहे."

ती अगदी हळू म्हणाली, "मॅडम... तुम्ही खऱ्या शिरपामाळला गेलात का?"

खऱ्या! म्हणजे खोटाही होता. बाबांनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि स्पीकरवर टाकला. तेव्हा सगळ्या मेळाव्याला कळलं की परिषदवाल्यांनी कॉलेजच्या खोल्यांना दोन दिवसांपुरती आमच्या भागातल्या प्रेक्षणीय स्थळांची नावं दिली होती. मोठं सभागृह दाभोसा. चहाची जागा सनसेट पॉइंट. आणि तळमजल्यावरची भूगोलाची खोली शिरपामाळ.

"स्थानिक नावं दिली, काका," ती मुलगी रडकुंडीला येऊन सांगत होती. "स्थानिकांना आपलं वाटावं म्हणून."

"आपलं वाटलं म्हणूनच तर आलो ना इकडे!" बाबा कडाडले. "इमारत विचारली, खोली विचारली, दरवाजा विचारला. तीन प्रश्न! तुम्ही काय लिहिलं? शिरपामाळ! बाहेरून आलेला माणूस बरोबर भूगोलाच्या खोलीत गेला आणि इथला माणूस डोंगरावर! आणि दाभोसाला कुणाला पाठवलंय? तो धबधबा आहे, बाई! तिथं कुणी टॉवेल घेऊन उभं असेल!"

"वीस मिनिटं उरलीत," मुलगी म्हणाली. "अध्यक्षांना मी सांगून ठेवते. तुम्ही सगळ्यात शेवटी. पण या लवकर."

फोन बंद झाला. रिक्षा तर परत गेली होती. बाबांच्या गुडघ्यांनी खाली चालत जायचं म्हणजे परिषदच काय, त्या दिवसाची शेवटची गाडीही चुकली असती. मला एकदम रडू आलं. प्रमाणपत्र गेलं तर जाऊ दे. पण बाबा इथवर आले होते, बूट पुसून, आणि मला जे त्यांना ऐकवायचं होतं ते मी घरी, जेवताना, समोर बसून कधीच बोलू शकले नसते. ते फक्त परक्या माणसांसमोरच बोलता आलं असतं. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

टोपीवाल्या बाईंनी ते बघितलं. त्या वळल्या आणि वर्गात मॉनिटर ओरडतो तशा ओरडल्या, "दहावी अ, दहावी ब, सगळे गाडीत! व्याख्यानाला जायचंय!"

त्यांची मिनी बस होती. आम्ही तिघं आणि ती अख्खी तुकडी तिच्यात कोंबलो. बाबा ड्रायव्हरशेजारी बसले. "डावीकडून घे. खाली उतर. आता उजवीकडे. हॉर्न कशाला वाजवतोस, म्हैस आहे, ती ऐकत नाही." मागं अंताक्षरी चालूच राहिली. सरांच्या बाजूला 'ळ' आला होता आणि कुणी काही केल्या सोडवेना.

कॉलेजच्या फाटकात बस शिरली तर समोर मंडप. लाल-पांढरा, झालरीचा, हुबेहूब तसाच. एकाच माणसानं दोन्हीकडे भाड्यानं दिला असणार. मंडपातून आत, पायरी नाही, उजवीकडे खोली, दारावर कागद चिकटवलेला, "शिरपामाळ". बाबा त्या कागदासमोर थांबले. खिशातून पेन काढलं आणि खाली लिहिलं, "(भूगोल खोली, तळमजला)". मग आत गेले.

आत दहा-बारा माणसं बसली होती. आमच्यामागून कागदी टोप्यांचा लोंढा शिरला तेव्हा अध्यक्ष उभेच राहिले. सगळे प्रतिनिधी आहेत का, असं त्यांनी विचारलं. टोपीवाल्या बाई म्हणाल्या, "मॅडमच्या बाजूचे आहेत." त्या सत्राला झाली तेवढी गर्दी परिषदेत दुसऱ्या कुठल्याच खोलीत नसावी.

सरांनी आधी वाचलं, धापा टाकत. मग माझी पाळी. अध्यक्ष म्हणाले, थोडक्यात सांगा. माझी पानं कुठंतरी मिनी बसमध्येच राहिली होती. मी विषय सांगितला, "ठिकाण सांगणारे शब्द," आणि सगळी खोली फुटली. अध्यक्षसुद्धा. फोन केलेली मुलगी दारात तोंड झाकून उभी होती. ठिकाणांवर बोलणारी बाई स्वतःच ठिकाण चुकून आली, यापेक्षा मोठा विनोद काय असणार?

मग माझीही भीती गेली. मी पोरांची गोष्ट सांगितली. टेबल सांगितलं, मांजर सांगितलं. अठं, तठं, कठं म्हणून दाखवलं, अगदी आजी म्हणायची तसं, आणि तोंडातून येताना तो शब्द मला इतका गोड लागला की मी आणखी एकदा म्हटला. हनुवटी खाली, हनुवटी पुढं, हनुवटी आभाळाकडे, करून दाखवलं. दहावी अ आणि ब दोघींनी माझ्यामागून हनुवट्या हलवल्या. टोप्या पडल्या. मी म्हटलं, "हे मूल चुकत नाही. आपण त्याला हसतो, म्हणून ते बोलायचं थांबतं. मग आपण म्हणतो, याला येत नाही."

हे म्हणताना मी बाबांकडे बघितलं नाही. धीरच झाला नाही. ते पहिल्या रांगेत, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते, आणि मला नुसते त्यांचे बूट दिसत होते.

टाळ्या झाल्या. एका प्राध्यापकांनी विचारलं, हनुवटीचा कोन मोजता येईल का? मी म्हटलं, बघते. सत्र संपलं. लोक चहाला सनसेट पॉइंटकडे निघाले. टोपीवाल्या बाईंनी माझा फोटो काढला. मी खोलीच्या टोकाला, नकाशांच्या कपाटाजवळ पाणी पीत उभी राहिले आणि बाबांकडे जायचं टाळत राहिले. आता ते काय म्हणतील? घरी जाऊन बोलू म्हणतील, आणि बोलणार नाहीत.

तेवढ्यात ती फोनवाली मुलगी प्रमाणपत्रांची चळत घेऊन आत आली. गर्दीत तिला मी दिसेना. ती बाबांपाशी वाकली आणि म्हणाली, "काका, त्या मघाशी बोलल्या त्या मॅडम कुठे आहेत हो?"

बाबांनी सवयीनं घसा साफ केला. केबिनमध्ये करायचे तसाच. मला वाटलं, आता येणार. खोलीच्या टोकाला, डावीकडे, कपाटाच्या उजव्या अंगाला.

"तठं," बाबा म्हणाले.

मी फार तर दहा पावलांवर उभी होते. निबंधाच्या हिशेबानं हनुवटी जेमतेम पुढं यायला हवी होती. पण बाबांची हनुवटी पार वर गेली होती, डोंगरामागचं घर दाखवावं तशी, आणि ती मुलगी माझ्याकडे यायला निघाली तरी त्यांनी ती खाली घेतली नाही.